मुलीसाठी पहिली दुर्बीण: आधी तिपाई बघा, मग भिंग, पट सर्वांत शेवटी

प्रश्न: सर, आम्ही वरुड तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत शिकते. रात्री अंगणात खाट टाकली की तारे बघत बसते. गुरू कोणता, शुक्र कोणता ते आम्हालाच सांगते. तिला दुर्बीण घेऊन द्यायची आहे. ऑनलाइन एक पाहिली, ६० मिमी भिंग, ९०० मिमी फोकल लेंग्थ, ६७५ पट मोठं दिसतं असं लिहिलंय, तिपाई सोबत येते. बजेट दहा-बारा हजार. माझा साळा म्हणतो आधी बायनॉक्युलर घ्या, दुकानदार म्हणतो टेलिस्कोपच घ्या. नेमकं काय घ्यावं, किती मोठं आणि कोणत्या कंपनीचं?

उत्तर:

भाऊ, ती ६७५ पटवाली घेऊ नका. या बजेटमध्ये तुमच्या साळ्याचं म्हणणं बरोबर आहे. चांगल्या कंपनीचं ८×४२ किंवा १०×५० बायनॉक्युलर घ्या. पोरीला शनीची कडीच बघायची असतील आणि ती ऐकतच नसेल, तर पुढच्या कापसाच्या चुकाऱ्यापर्यंत थांबा, थोडे पैसे आणखी घाला आणि ओट्यावर ठेवायची ११४ किंवा १३० मिमी आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. मधलं काहीतरी म्हणून डुगडुगत्या तिपाईवरचा स्वस्त टेलिस्कोप घेतला, तर तो दोन महिन्यांत माळ्यावर जातो. खेड्यापाड्यांत आकाशदर्शनाला गेलो की अशी माळ्यावरची दुर्बीण कोणीतरी हमखास खाली काढून आणतं, आणि बहुतेक वेळा तिच्या भिंगाला काहीच झालेलं नसतं. बिघाड असतो तो तिपाईत.

आधी हे ६७५ कुठून येतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी खोक्यावरचा आकडा बघून तुम्हालाच कळेल. दुर्बिणीचे पट म्हणजे तिची फोकल लेंग्थ भागिले आयपीसची, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाची फोकल लेंग्थ. तुमच्या खोक्यात साधारण २० मिमी आणि ४ मिमी असे आयपीस असतील आणि तीनपट करणारं एक बार्लो भिंग असेल. ९०० भागिले २० म्हणजे ४५ पट. ९०० भागिले ४ म्हणजे २२५ पट. त्याला बार्लोचे तीन लावले की ६७५. गणित बरोबर आहे, पण ६० मिमी भिंगाला ते पेलत नाही. भिंगाच्या व्यासाच्या साधारण दुप्पट पट ही वरची मर्यादा धरतात, म्हणजे ६० मिमीला फार तर १२०. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण त्यात नवीन काही दिसत नाही. उलट तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. १२० पटीच्या मानाने ६७५ पटीला गुरूची तबकडी सुमारे तीसपट अंधूक होते. मुलीला दिसेल ती राखाडी, थरथरणारी, कडा नसलेली टिकली.

आणि ती टिकलीसुद्धा टिकत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं. स्वस्त आयपीसमधून ६७५ पटीला दिसणारा आकाशाचा तुकडा इतका लहान असतो की गुरू या कडेपासून त्या कडेपर्यंत चौदा सेकंदांत निघून जातो. आता यात तिपाई आणा. पातळ पत्र्याच्या पायांची तिपाई हात लागला की सहा-सात सेकंद थरथरत राहते. तुम्ही गुरू मधोमध आणला, हात काढला, थरथर थांबेपर्यंत अर्धा वेळ गेला. मग म्हणालात "ये बेटा, बघ", पोरगी वाकली, तिचा गाल आयपीसला लागला, पुन्हा थरथर. तोवर गुरू गेला. तीन-चार वेळा असं झालं की लेकरू म्हणतं, मला काही दिसत नाही. ते खरंच बोलत असतं.

हाच टेलिस्कोप ४५ पटीवर ठेवला तर गुरू साडेतीन मिनिटं नजरेत राहतो आणि त्याचे चार चंद्रही स्वच्छ दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून. तेव्हा दुकानदाराला पट विचारू नका. विचारायच्या गोष्टी दोनच, व्यास किती आणि तिपाई कशी. आणि मी तर म्हणतो, त्यातही तिपाई आधी.

तिपाई तपासायला काही शिकावं लागत नाही. दुकानात असाल तर दुर्बीण पूर्ण उभी करायला लावा. घरी मागवली असेल तर परत करायच्या मुदतीतच हे करा. दिवसा लांबची एखादी वस्तू धरा, मोबाइलच्या टॉवरचं टोक किंवा विजेच्या खांबावरची चिनी मातीची चिमणी, आणि साधारण ४०-५० पटीवर ती मधोमध आणा. मग नळीच्या पुढच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. एक-दोन सेकंदांत थांबलं तर उत्तम, तीनपर्यंत चालेल. पाच मोजून झाले आणि अजून चित्र नाचतंय, तर ती दुर्बीण रात्री उपयोगाची नाही.

दुसरी तपासणी दुकानदार सहसा करू देत नाहीत, पण ती जास्त महत्त्वाची आहे. टॉवरचं टोक मधोमध आणा, स्क्रू आवळा आणि हात काढा. टोक तिथंच राहिलं पाहिजे. स्वस्त दुर्बिणीत नळी एका साध्या चिमट्यात अडकवलेली असते. हात काढला की ती आपल्या वजनाने थोडी खाली बसते आणि टोक नजरेबाहेर जातं. मग माणूस अंदाजाने थोडं वर धरून सोडायला शिकतो. मोठ्या माणसाला ते जमतं, दहा वर्षांच्या पोरीला नाही. नळी जितकी लांब तितका हा त्रास जास्त, आणि ग्रह डोक्यावर आला की नळी मागे कलंडायला बघते. ९०० मिमीची लांब नळी आणि बारीक तिपाई ही जोडी म्हणून मला सर्वांत नावडती.

घरात आधीच अशी एखादी असेल तर ती फेकू नका. तिपाईचे पाय मुळीच लांब करू नका, पूर्ण मिटलेलेच ठेवा आणि पोरीला पाटावर बसवून बघायला द्या. पायांच्या मधल्या तबकाखाली पाच लिटरची पाण्याची कॅन टांगा, ती जमिनीला टेकू देऊ नका. ४ मिमीचा आयपीस आणि बार्लो डब्यात ठेवून द्या. थरथर निम्म्यावर येते. स्लॅबवर मात्र उभी करू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि त्या हवेतून ग्रह उकळल्यासारखे दिसतात. मार्च ते मे या दिवसांत तर अंगणातली माती किंवा वावराचा धुराच बरा.

आता व्यास. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरच्या आसपास उघडते. ५० मिमीचं भिंग तिच्यापेक्षा पन्नासपट प्रकाश गोळा करतं, १३० मिमीचा आरसा जवळजवळ साडेतीनशेपट. ६० वरून ७० मिमीवर गेलं तर फरक सव्वा-दीडपटीच्या आसपास, तो मुलांच्या लक्षात येत नाही. ७० वरून १३० वर गेलं तर साडेतीनपट, आणि तो लहान लेकरालाही लगेच कळतो. म्हणून ६०, ७०, ७६ अशा जवळजवळच्या आकड्यांत दहा मिलिमीटरसाठी घासाघीस करू नका, तेवढ्या पैशांत बरी तिपाई मिळत असेल तर ती घ्या. उडी मारायचीच तर थेट ११४-१३० वर मारा.

तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला पैसे देऊन मिळत नाही, ती म्हणजे अंधार. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली ती याच अंधारासाठी. वरुड-मोर्शीकडच्या वावरात, गावच्या एलईडी दिव्यांकडे पाठ करून उभं राहिलं की ५० मिमीचं बायनॉक्युलर जे दाखवतं ते शहरातल्या गच्चीवर त्याहून पुष्कळ मोठ्या दुर्बिणीलाही जड जातं. शिवाय आपण २१ अक्षांशांवर आहोत. दक्षिणेकडचं आकाश उत्तर भारतापेक्षा आपल्याला जास्त मिळतं. एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ आपल्या दक्षिण क्षितिजापासून वीस-एकवीस अंश वर येतो. बायनॉक्युलरमध्ये तो कापसाच्या बोंडासारखा फुगीर, धूसर दिसतो. तिकडे झाडं किंवा टेकडी आड नसली म्हणजे झालं.

म्हणूनच मी बायनॉक्युलरपासून सुरुवात करा म्हणतो. चंद्रावरची मोठी विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेत डोळ्यांना सहा-सात दिसतात त्याजागी डझनावारी तारे, मृग नक्षत्रातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, पुष्यातला तारकागुच्छ, पावसाळ्याआधी वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन गुच्छ, एवढं सगळं त्यात दिसतं. आकाशगंगेवरून नुसतं फिरवत गेलं तरी दोन तास जातात. शनीची कडी मात्र दिसत नाहीत, दहा पटीला शनी फार तर लांबट वाटतो. हे पोरीला घ्यायच्या आधीच सांगा, नाहीतर हिरमोड होईल. आणि २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून, रेघेसारखी दिसत होती. ती आता वर्षागणिक उघडत जाणार आहेत. म्हणजे टेलिस्कोप वर्ष-दोन वर्षांनी आला तर शनी उलट जास्त छान दिसेल. थांबायचं कारण म्हणून पोरीला हे नक्की पटेल.

बायनॉक्युलरवर दोन आकडे असतात. १०×५० म्हणजे दहा पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिमी. दहा पटीपेक्षा जास्त हातात धरून बघता येत नाही, हाताची थरथरही तितकीच मोठी होते. ५० मिमीवालं बायनॉक्युलर साधारण ८००-९०० ग्रॅमचं असतं. दहा वर्षांच्या मुलीचे हात पाच मिनिटांत दुखतात. म्हणून तिच्यासाठी मी ८×४२ किंवा ७×३५ ला थोडं झुकतं माप देतो, ती शंभर-दोनशे ग्रॅमने हलकी असतात. घरातले सगळेच बघणार असाल तर १०×५० घ्या. दोन्हींत खाटेवर आडवं होऊन, कोपरं छातीला टेकवून बघायचं. बायनॉक्युलरला आपली नेहमीची खाट हीच तिपाई, आणि ती टिचकीच्या परीक्षेत कधी नापास होत नाही.

आता एक गोष्ट जी दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, आणि बहुतेक पूर्ण आकाराची बायनॉक्युलर ५६ मिमीपेक्षा जास्त जवळ मिटत नाहीत. दहाव्या वर्षी हे अंतर ५५-५६ च्या आसपास असतं, काही मुलांचं त्याहून कमी. अंतर जुळलं नाही की मुलाला एका वेळी एकाच डोळ्याने दिसतं किंवा मधे काळी पट्टी येते, आणि आपण म्हणतो, याला बघताच येत नाही. तर घेण्याआधी वरुडात चष्म्याच्या दुकानात पोरीचा पीडी, म्हणजे हेच अंतर, मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मग बायनॉक्युलरच्या माहितीत दोन डोळ्यांतलं किमान अंतर किती दिलंय ते बघा. पोरीचं ५४ असेल आणि बायनॉक्युलरचं किमान ५६, तर दोन मिलिमीटरने फार बिघडत नाही, वर्षभरात ती त्यात बसेल. फरक चार-पाचचा असेल तर दुसरं मॉडेल शोधा किंवा सरळ टेलिस्कोपसाठी पैसे साठवा, कारण तिथं एकच डोळा लागतो.

बाजारात, जत्रेत आणि ऑनलाइन ३०×६०, ९०×९० असं काहीबाही छापलेली बायनॉक्युलर मिळतात. खरी-खोटी ओळखायची सोपी रीत आहे. दिवसा उजेडात बायनॉक्युलर डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि डोळ्यांकडच्या भिंगांत बघा. तिथं प्रकाशाची दोन गोल वर्तुळं दिसतात. त्यांचा व्यास म्हणजे दुसरा आकडा भागिले पहिला. १०×५० ला पाच मिलिमीटर हवा, ८×४२ ला सव्वापाच. पट्टी जवळ धरून मोजा. १०×५० छापलंय आणि वर्तुळ साडेतीनचंच आहे, तर आत कुठेतरी प्रकाश अडवलाय किंवा आकडाच खोटा आहे. वर्तुळाच्या कडा चौकोनी, करड्या दिसत असतील तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत. ते वापरता येतं, पण उत्तम नव्हे. पुढची भिंगं माणकासारखी लालभडक चमकत असतील तर ठेवून द्या. तो थर लाल प्रकाश परतवतो आणि चित्र हिरवट, अंधूक येतं. पट कमी-जास्त करायची कळ असलेलं झूम बायनॉक्युलरही नको, आत हलणारे भाग जास्त आणि चित्र मंद.

शेवटी लांबच्या टॉवरवर फोकस करून मिनिटभर बघा, मग दोन्ही डोळे हळूच मिटून एकदम उघडा. क्षणभर जरी दोन टॉवर दिसून मग एक होत असतील तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. मेंदू ते जुळवून घेतो, पण दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. एसटीच्या पार्सलमध्ये किंवा कुरिअरमध्ये आदळलेल्या मालात हा दोष येतो. दुरुस्त करत बसू नका, बदलून घ्या.

टेलिस्कोपकडे वळायचं झालं तर माझ्या मते तुमच्यासारख्या घरात दोनच रस्ते आहेत. पहिला, ७० ते ८० मिमी भिंगाचा, बऱ्यापैकी जाड पायांच्या साध्या वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणाऱ्या तिपाईवरचा. त्यात शक्यतो बारीक हालचालीच्या कळा हव्यात, म्हणजे ग्रह सरकला की कळ फिरवून तो परत मधे आणता येतो. याला देखभाल जवळजवळ नाही, आणि दिवसा संत्र्याच्या बागेतले पक्षीही बघता येतात. दुसरा, ओट्यावर ठेवायची आरशाची डॉब्सोनियन. तिला तिपाईच नाही. लाकडी फळ्यांच्या गोल बैठकीवर नळी बसवलेली असते, हाताने ढकलली की फिरते, सोडली की तिथंच थांबते. १३० मिमीची अशी दुर्बीण ६५० मिमी फोकल लेंग्थची आणि सुमारे सहा किलोची येते. २५ मिमी आयपीसने २६ पट, १० मिमीने ६५ पट. तेवढ्यात शनीची कडी, गुरूवरचे दोन पट्टे आणि चंद्रावरच्या डोंगरांच्या सावल्या आरामात दिसतात.

तिची अडचण अशी की ती ठेवायला गुडघ्याच्या वर, पक्की जागा लागते. खेड्यात ती असतेच: घराचा ओटा, देवळाचा पार, विहिरीजवळचा सिमेंटचा चौथरा. प्लास्टिकची खुर्ची किंवा रिकामा ड्रम मात्र नको, लाखाची दुर्बीण ठेवली तरी तो डुलतो. काही मॉडेलची नळी अर्धी उघडी असते. समोर रस्त्यावरचा दिवा असेल तर उघड्या भागाला काळ्या चार्ट पेपरचा पडदा गुंडाळा. आणि आरसे प्रवासात थोडे हलतात. ते कळतं असं: एखादा ठळक तारा मधोमध आणून फोकस मुद्दाम बिघडवा. तारा वड्यासारखा गोल दिसेल, मधे काळं भोक. भोक बरोबर मध्यभागी असेल तर सगळं ठीक. एका बाजूला सरकलेलं असेल तर मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून ते मधे आणायचं, दर वेळी तारा परत मध्यभागी घेऊन. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, पुढे पाच मिनिटं. दहा वर्षांच्या मुलीला हे शिकवता येतं, आणि मुलं यात मोठ्यांपेक्षा धीराची असतात असा माझा अनुभव आहे.

दोन सापळे मात्र टाळा. एक म्हणजे वजनाचा दांडा बाहेर आलेली इक्वेटोरियल तिपाई. दिसायला फार शास्त्रीय दिसते आणि फोटोत भाव खाते. तिचा मुख्य अक्ष ध्रुवताऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे क्षितिजापासून २१ अंशांवर झुकवावा लागतो. इतक्या कमी उतारावर स्वस्त तिपाईत वजनाचा दांडा समोरच्या पायावर आदळतो. शिवाय आयपीस कधी आकाशाकडे, कधी जमिनीकडे तोंड करतो. मुलांसाठी नको. दुसरा सापळा, नळी हातभर लांब पण खोक्यावर फोकल लेंग्थ १००० मिमी लिहिलेली आरशाची दुर्बीण. साध्या आरशाच्या दुर्बिणीत नळीची लांबी आणि फोकल लेंग्थ जवळजवळ सारखी असते. इतका फरक असेल तर आत एक जास्तीचं भिंग घालून लांबी वाढवलेली असते. स्वस्त मालात ते भिंग साधारण असतं आणि आरसे जुळवणंही त्यामुळे कठीण होतं.

कंपनीचं विचारलंत. टेलिस्कोपमध्ये सेलेस्ट्रॉन आणि स्काय-वॉचर ही दोन नावं भारतात सहज मिळतात. दोन्ही सिंटा या एकाच उद्योगसमूहाच्या आहेत, म्हणून त्यांच्यातल्या वादात वेळ घालवू नका. ओट्यावरच्या दुर्बिणींत स्काय-वॉचरची हेरिटेज मालिका बघा, ११४ आणि १३० मिमी दोन्ही. ७० मिमीत सेलेस्ट्रॉनच्या ॲस्ट्रोमास्टरसारख्या मालिका आहेत. तैवानची जीएसओ मोठ्या डॉब्सोनियनसाठी चांगली, पण ती पुढची पायरी. मीड आणि अमेरिकेची ओरायन या कंपन्या २०२४ मध्ये बंद पडल्या. त्यांचा जुना माल कुठे स्वस्तात दिसला तर सुटे भाग आणि वॉरंटीची आशा न ठेवता घ्या. बायनॉक्युलरमध्ये निकॉनची ॲक्युलॉन मालिका आणि थोड्या कमी पैशांत सेलेस्ट्रॉनची अपक्लोज मालिका, या दोन्हींत तुमच्या बजेटमधलं काहीतरी सापडेल. किंमती सणासुदीला बऱ्याच हलतात, म्हणून नेमका आकडा देत नाही.

पण नाव मोठं म्हणून डोळे मिटून घेऊ नका. नावाजलेल्या कंपन्याही पाठीवरच्या पिशवीत मावणारे ७० मिमी, ४०० मिमीचे टेलिस्कोप विकतात. भिंग चांगलं असतं, सोबतची तिपाई मोबाइलचे फोटो काढायच्या लायकीची. कंपनी भिंगाची खात्री देते, तिपाईची टिचकी तुम्हालाच मारावी लागते. आयपीसच्या दांड्याचा व्यास सव्वा इंच आहे का तेही बघा. काही खेळण्यासारख्या दुर्बिणींत तो त्याहून बारीक, इंचापेक्षा थोडा कमी असतो, मग पुढे चांगला आयपीस घ्यायचा म्हटलं तर बसत नाही. जमलं तर आधी नागपूरला रमण विज्ञान केंद्रातल्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला पोरीला घेऊन जा. ती कोणत्या आयपीसपाशी जास्त रेंगाळते ते बघितलं की निम्मा निर्णय तिथंच होतो.

घरी आणल्यावर एक काम पहिल्याच दिवशी करा. खोक्यात आयपीसला लावायचा छोटा काळा सूर्याचा फिल्टर निघाला तर तो हातोडीने फोडून टाका. सूर्याची एकवटलेली उष्णता नेमकी त्याच काचेवर येते, काच बघता बघता तडकते आणि पुढचा प्रकाश थेट डोळ्यात जातो. बायनॉक्युलर असो की टेलिस्कोप, सूर्य मावळल्याशिवाय पोरीच्या एकटीच्या हातात आकाशाकडे वळवायला द्यायचं नाही. टेलिस्कोपवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही हाच नियम.

आणि जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलंच असतं, तेव्हा भिंगांना बुरशीची भीती. कातडी किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्या, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून तो तवा स्वयंपाकाचा नको आणि दाणे लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. धूळ बसली तर रबरी फुग्याने हवा मारा, दुपट्ट्याने पुसू नका. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते आणि भिंगावरचा थर एकदा ओरखडला की परत येत नाही.

पोरीचा पीडी मोजून झाला की इथं लिहा, तेवढ्या अंतरात बसणारं मॉडेल शोधायला मदत करतो.